तीच चाचणी दोनदा घेतली, सहसंबंध ०.५८ आला: दोष कुणाचा?

प्रश्न: "एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी सहावी 'अ' ला अपूर्णांकांवर २५ गुणांची चाचणी दिली. २५ प्रश्न, प्रत्येकी १ गुण. १५ दिवसांनी तीच चाचणी पुन्हा घेतली. ४२ पैकी ३८ मुलं दोन्ही वेळा हजर होती. पहिल्या वेळी सरासरी १७.६, प्रमाण विचलन ३.१. दुसऱ्या वेळी २०.२ आणि २.४. सहसंबंध ०.५८ आला. मार्गदर्शक म्हणतात ०.८० च्या खाली चालणार नाही. चाचणी नव्याने करावी लागेल का? सरासरी वाढली त्याचा परिणाम झाला असेल का?"

मॅडम, चाचणी इतक्यात फेकू नका. पण "मुलं कमी होती, योगायोगाने कमी आला" असं म्हणून सुटकाही होणार नाही. ३८ मुलांवरून काढलेल्या ०.५८ भोवती ९५ टक्के खात्रीचा पट्टा काढला तर तो साधारण ०.३२ पासून ०.७६ पर्यंत जातो. पट्टा भलताच रुंद आहे, तरीही ०.८० त्याच्या बाहेरच राहतं. म्हणजे कुठेतरी खरोखरच पाणी मुरतंय. ते कुठे मुरतंय हे ०.५८ हा आकडा स्वतः कधीच सांगत नाही, आणि अडचण नेमकी तिथे आहे. आपण प्रबंधात "चाचणीची विश्वसनीयता ०.५८" असं लिहितो, जणू ती त्या छापील कागदाला चिकटलेली आहे. प्रत्यक्षात तो आकडा या चाचणीचा, या ३८ मुलांचा आणि मधल्या पंधरा दिवसांचा मिळून असतो. तिघांपैकी कुणी खाली ओढलं ते शोधायचं आहे, आणि तुम्ही दिलेल्या चार आकड्यांवरूनही बरंच शोधता येतं.

पण त्याआधी एक कंटाळवाणं काम करा. हजेरीपट घेऊन बसा आणि दोन्ही रकान्यांतले गुण त्याच मुलाचे आहेत ना, हे एकेक करून ताडून पाहा. हसू नका. माझ्या स्वतःच्या एम.एड.च्या वेळी मी दोन गठ्ठ्यांवरून गुण उतरवले. पहिल्या वेळी सगळे हजर होते, दुसऱ्या वेळी १७ क्रमांकाचा मुलगा गैरहजर. मी त्याची जागा रिकामी न ठेवता १८ चे गुण तिथे लिहिले आणि तसाच खाली उतरत गेलो. १७ पासून पुढे प्रत्येक मुलाच्या वाट्याला शेजाऱ्याचे गुण. सहसंबंध इतका खाली आला की मी आठवडाभर प्रश्नांनाच दोष देत बसलो होतो. शेवटी यादीत एक नाव जास्त उरलं तेव्हा कळलं. हल्ली हेच एक्सेलमध्ये होतं: कुणीतरी फक्त एकच रकाना निवडून चढत्या क्रमाने लावतं. तेव्हा उलटी गंमत होऊ शकते. दोन्ही रकाने वेगवेगळे चढत्या क्रमाने लावले तर सहसंबंध ०.९८ वगैरे येतो आणि संशोधक खूश होतो. तुमच्याकडे ४ मुलं निदान एका वेळी गैरहजर होती, म्हणजे चार ठिकाणी घसरण्याची संधी होती.

जोड्या बरोबर निघाल्या तर पुढचं काम चित्र काढण्याचं. आडव्या अक्षावर पहिले गुण, उभ्यावर दुसरे, प्रत्येक मुलाचा एक ठिपका. CORREL ने काढलेल्या आकड्याआधी हे चित्र बघायची सवय मी विद्यार्थ्यांना सक्तीने लावत असे, आणि त्याचं कारण दहा मुलांच्या उदाहरणावरून दिसेल. हे आकडे मी समजावण्यासाठी बनवलेले आहेत, पण हिशेब तुम्ही कागदावर करून पाहू शकता.

पहिल्या वेळचे गुण: ८, १०, १२, १३, १४, १६, १७, १८, २०, २२
दुसऱ्या वेळचे गुण, त्याच क्रमाने: १३, १३, १७, १५, १९, १७, २०, २०, २२, २४

पहिली सरासरी १५, दुसरी १८. प्रत्येक मुलाचं सरासरीपासूनचं अंतर काढा. पहिल्या वेळच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १७६ येते, दुसऱ्या वेळची १२२, आणि दोन्ही अंतरांच्या गुणाकारांची बेरीज १३९. सहसंबंध म्हणजे १३९ भागिले (१७६ × १२२) चं वर्गमूळ, म्हणजे १३९ भागिले १४६.५, म्हणजे ०.९५. उत्तम.

आता समजा शेवटच्या मुलीला, जिला २२ आणि २४ होते, दुसऱ्या वेळी मिळालेल्या झेरॉक्समध्ये मागचं पान कोरं आलं. त्या पानावरचे ९ गुण गेले आणि तिला २४ ऐवजी १५ मिळाले. बाकी नऊ मुलांचा एक गुणही बदललेला नाही. गुणाकारांची बेरीज १३९ वरून ७६ वर येते, आणि सहसंबंध ०.९५ वरून ०.६१ वर. एका कोऱ्या पानाने चाचणी "चांगली"ची "नापास" झाली. ३८ मुलांत एका ठिपक्याचा इतका जोर राहत नाही, पण दोन-तीन असे ठिपके असतील तर ०.७५ चं ०.५८ सहज होतं. चित्रात असा ठिपका घोळक्यापासून दूर एकटा उभा दिसतो. तो दिसला की त्या मुलाची उत्तरपत्रिका काढून पाहा. पान कोरं आहे? शेवटचे सहा प्रश्न सोडवलेच नाहीत? ताप होता? पालक अर्ध्या तासात न्यायला आले? कारण सापडलं तर तो मुलगा वगळता येतो, मात्र वगळल्याचं आणि का वगळलं याचं एक वाक्य प्रबंधात आलंच पाहिजे. कारण सापडलं नाही तर वगळायचा नाही, मग सहसंबंध कितीही बिघडो. नकोसा ठिपका काढण्याला संशोधन म्हणत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सरासरी वाढण्याचा. वरच्या दहा जणांत सरासरी ३ गुणांनी वाढली, तरी सहसंबंध ०.९५ राहिला, हे पाहिलंत? सगळ्यांचे गुण सारखेच वाढले तर सहसंबंधाला त्याची खबरही लागत नाही, कारण तो प्रत्येकाचं आपापल्या वेळच्या सरासरीपासूनचं अंतर पाहतो. दुसऱ्या वेळी प्रत्येकाला सरळ ५ गुण बक्षीस दिले तरी उत्तर तेच. म्हणून "सहसंबंध जास्त, म्हणजे दोन्ही वेळा गुण सारखे आले" हे वाक्य चूक आहे, आणि ते मी कित्येक प्रबंधांत वाचलं आहे. मुलांची रांग तशीच राहिली आणि रांगेतली अंतरं साधारण तशीच राहिली, एवढंच तो सांगतो. गुण तेच आले का हे पाहायचं तर दोन्ही सरासऱ्या शेजारी लिहायच्या, दुसरा उपाय नाही.

पण वाढ सगळ्यांची सारखी नसली की गोष्ट वेगळी. तुमच्या आकड्यांत मला खटकलं ते हे: सरासरी २.६ ने वाढली आणि प्रमाण विचलन ३.१ वरून २.४ वर आलं. मुलं वर सरकली आणि सरकताना एकमेकांच्या जवळ आली. २५ गुणांच्या चाचणीत सरासरी २०.२ असताना वरच्या मुलांना जायला जागाच उरत नाही. पहिल्या वेळी २३ मिळवणारा फार तर २ गुण पुढे जाऊ शकतो, १४ वाला ७ गुण सहज जाऊ शकतो. छताला डोकं टेकलेल्या मुलांमधला खरा फरक दिसत नाही. तिथे २३ की २४ हे एखाद्या निष्काळजी वजाबाकीवर ठरतं, आणि त्या खालीवरचा सहसंबंधाला चांगलाच फटका बसतो. तुमच्या चित्रात वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपके आडव्या रेषेत दाबल्यासारखे दिसले तर समजा हेच झालं आहे.

आणि मग ते एक अक्षर: 'अ'. तुमच्या शाळेत तुकड्या गुणांवरून पाडतात का? पाडत असतील तर माझा सगळ्यात मोठा संशय तिथे आहे. वरचेच दहा जण घ्या आणि दोन्ही टोकांची दोन-दोन मुलं बाजूला करा. मधली सहा उरतात, पहिल्या वेळी १२ ते १८ गुण मिळवणारी. त्यांचा सहसंबंध काढा: १७ भागिले (२८ × २०) चं वर्गमूळ, म्हणजे ०.७२. चाचणी तीच, दिवस तेच, मुलांचे गुणही तेच, तरी ०.९५ चं ०.७२ झालं. का? मुलांमुलांत फरकच कमी उरला, म्हणून नेहमीचा दोन-चार गुणांचा खालीवर त्या फरकाच्या मानाने मोठा दिसू लागला. किनाऱ्यावर उभं राहून डोंगरांची उंची तुलताना लाटांचा अडथळा होत नाही, होड्यांची उंची तुलताना होतो. लाट तेवढीच असते.

ती लाट किती मोठी आहे हे थेट मोजता येतं. प्रत्येक मुलाच्या दोन गुणांतला फरक काढायचा, त्या फरकांचं प्रमाण विचलन काढायचं आणि त्याला २ च्या वर्गमुळाने भागायचं. याला मापनाची प्रमाण त्रुटी म्हणतात. एक्सेलमध्ये फरक D रकान्यात असतील तर:

```
=CORREL(B2:B39,C2:C39)
=STDEV.S(D2:D39)/SQRT(2)
```

दहा मुलांसाठी ही त्रुटी १.०५ गुण येते आणि मधल्या सहा मुलांसाठी १.१८. जवळजवळ तीच. सहसंबंध मात्र ०.९५ वरून ०.७२ वर घसरलेला. पुनर्चाचणीच्या प्रबंधात ही त्रुटी फारच कमी जण देतात. सहसंबंध गटागणिक हलतो, ही त्रुटी त्या मानाने स्थिर राहते, आणि ती गुणांतच असल्यामुळे शाळेतल्या माणसाला लगेच कळते.

तुमच्या आकड्यांवरून तुमची त्रुटी मी इथे बसून काढली. फरकांच्या प्रमाण विचलनाचा वर्ग: ३.१ चा वर्ग अधिक २.४ चा वर्ग, वजा २ × ०.५८ × ३.१ × २.४, म्हणजे १५.३७ वजा ८.६३, म्हणजे ६.७४. वर्गमूळ २.६, त्याला १.४१ ने भागलं की १.८ गुण. २५ पैकी १.८. साधारण तीनपैकी दोन मुलांचे गुण त्यांच्या खऱ्या पातळीपासून १.८ च्या आत आहेत असा याचा अर्थ. यात पंधरा दिवसांत काहींनी जास्त आणि काहींनी कमी शिकल्याचा भागही मिसळलेला आहे, म्हणून निव्वळ चाचणीची चूक याहून थोडी कमी असू शकते. माझ्या मते शिक्षकाने घरी बनवलेल्या २५ प्रश्नांच्या चाचणीसाठी हा आकडा वाईट नाही. हीच त्रुटी कायम धरली आणि अ, ब, क सगळ्या तुकड्या मिळून प्रमाण विचलन ५ आलं असं समजलं, तर विश्वसनीयता १ वजा (३.३७ भागिले २५), म्हणजे ०.८७ च्या आसपास जाते. पण हा आकडा कृपया प्रबंधात "आढळला" म्हणून लिहू नका. तो "जर-तर"चा हिशेब आहे. ब आणि क मध्ये त्रुटी १.८ च राहील याची हमी कुणी दिलेली नाही. कच्ची मुलं अंदाजाने उत्तरं देत असतील तर ती वाढेल.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं संशय आहेत, पुरावा काय? दोष दिवसांचा की मुलांचा-प्रश्नांचा हे वेगळं करायचा एक सोपा मार्ग आहे. मधल्या दिवसांना पूर्ण बाजूला ठेवून, एकाच बैठकीच्या गुणांवरून चाचणीची अंतर्गत सुसंगती काढायची. क्युडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये यासाठी सूत्रं दिली, आणि त्यांच्या लेखातल्या क्रमांकांवरूनच ती आजही २० आणि २१ म्हणून ओळखली जातात. विसाव्याला प्रत्येक प्रश्नाची माहिती लागते. एकविसाव्याला फक्त सरासरी आणि प्रमाण विचलन पुरतं, ते सगळे प्रश्न सारखेच अवघड आहेत असं धरून चालतं, म्हणून त्याचं उत्तर विसाव्यापेक्षा कमी येतं. तुमच्या चाचणीत प्रश्न एकेका गुणाचे, बरोबर किंवा चूक, म्हणून ते इथे लागू पडतं:

```
KR-21 = (25/24) * (1 - M*(25-M)/(25*SD^2))
```

पहिली बैठक: १७.६ × ७.४ म्हणजे १३०.२, भागिले २४०.३. उत्तर ०.४८.
दुसरी बैठक: २०.२ × ४.८ म्हणजे ९७, भागिले १४४. उत्तर ०.३४.

हे बघितल्यावर माझा संशय बराच पक्का झाला. पहिल्या बैठकीतच, अजून एकही दिवस गेलेला नसताना, चाचणी या मुलांमध्ये फारसा फरक करू शकत नव्हती. दुसऱ्या बैठकीत तर ती आणखी बोथट झाली. विसाव्या सूत्राने उत्तर वर जाईल, पण ते फार वर जाईल असं वाटत नाही. पहिल्या बैठकीत ०.८५ आणि पुनर्चाचणीत ०.५८ असं असतं, तर मी म्हटलं असतं: दिवसांकडे बोट दाखवा, मध्ये काय घडलं ते शोधा. तुमच्याकडे दोन्ही कमी आहेत. म्हणजे मुख्य आरोपी पंधरा दिवस नाहीत. एकसारखी मुलं आणि त्यांच्यासाठी सोपे झालेले प्रश्न, ही जोडी आहे.

तरी पंधरा दिवसांबद्दल थोडं लिहितो, कारण बाह्य परीक्षक तोंडी परीक्षेत "पंधराच का?" हे हमखास विचारतात. अंतर कमी ठेवलं तर मुलांना आपली उत्तरं आठवतात. त्यामुळे दोन्ही वेळच्या चुका सारख्या होतात आणि सहसंबंध फुकटचा वाढतो. अंतर जास्त ठेवलं तर काही मुलं शिकतात, काही विसरतात, आणि तो उगाच घटतो. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबायचं, आणि ते कुठे हे विषयावर अवलंबून आहे. स्पेलिंगची चाचणी वेगळी, वृत्तीमापनाची वेगळी. सहावीच्या गणितात, घटक पूर्ण शिकवून झाला असेल आणि उत्तरपत्रिका मुलांना परत दिल्या नसतील, तर दोन ते तीन आठवडे मला ठीक वाटतात. दिल्या असतील, किंवा वर्गात फळ्यावर उत्तरं सोडवून दाखवली असतील, तर पुनर्चाचणी झालीच नाही असं समजा. ती मग उपचारात्मक अध्यापनानंतरची चाचणी झाली. तुम्ही याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि सरासरी २.६ ने वाढली आहे. मनाशी खरं उत्तर द्या.

आठवणीचा वाटा ओळखण्यासाठी शिक्षक दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून सारख्या चुका मोजतात. यात एक खड्डा आहे. समजा मुलाने १/२ + १/३ = २/५ असं दोन्ही वेळा लिहिलं. त्याला आधीचं उत्तर आठवलं का? बहुधा नाही. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा हा त्याचा पक्का नियम आहे, महिन्याभराने विचारलं तरी तो २/५ च लिहील. ती चूक टिकाऊ आहे आणि ती दोन्ही वेळा दिसली ही चाचणीच्या बाजूने साक्ष आहे. म्हणून दुसऱ्या बैठकीच्या शेवटी मी गुण न देण्याचे दोन-तीन प्रश्न जोडत असे, त्याच नमुन्याचे पण आकडे बदललेले. १/४ + १/५ ला त्याने २/९ लिहिलं तर नियम चुकीचा आहे, आठवण नाही. २/९ ऐवजी ९/२० लिहिलं आणि मूळ प्रश्नाला मात्र पुन्हा २/५, तर त्याला जोडणं येतंय आणि जुनं उत्तर हातातून गेलंय. अशी मुलं चार-पाचाहून जास्त निघाली तर अंतर कमी पडलं.

मार्गदर्शकांच्या ०.८० बद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, पण कशासाठी ०.८० हे विचारा. एकेका मुलाबद्दल निर्णय घ्यायचा असेल, याला उपचारात्मक वर्गात टाकायचं की नाही असा, तर ते बरोबर आहेत, खरं तर त्याहून जास्त हवं. दोन अध्यापन पद्धतींच्या गटांच्या सरासऱ्या तुलायच्या असतील तर कमी विश्वसनीयतेचं साधनही चालतं, फक्त फरक दिसायला जास्त मुलं लागतात. आणि "सगळ्यांना अपूर्णांक आले का" एवढंच पाहायची चाचणी असेल तर ती सोपी असायलाच हवी. मग सहसंबंध हे हत्यारच चुकीचं. किती मुलं दोन्ही वेळा उत्तीर्ण, किती दोन्ही वेळा अनुत्तीर्ण आणि किती बदलली, हे सरळ मोजा. आणखी एक: कुणी तुम्हाला ०.५८ चा वर्ग करून "फक्त ३४ टक्के" सांगितलं तर ऐकू नका. दोन वेगळ्या चलांच्या सहसंबंधाचा वर्ग करतात. विश्वसनीयता गुणांक मुळातच टिकाऊ फरकाचा एकूण फरकातला हिस्सा असतो, त्याचा वर्ग करायचा नसतो. तुमच्याकडे तो हिस्सा ५८ टक्के आहे.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. आज संध्याकाळी जोड्या ताडल्या असत्या आणि चित्र काढलं असतं. ती ४ गैरहजर मुलं कोण होती ते पाहिलं असतं. चौघंही तळातली असतील तर आधीच अरुंद असलेला गट आणखी अरुंद झाला. मग पहिल्या बैठकीच्या उत्तरपत्रिकांवरून प्रत्येक प्रश्न किती जणांना बरोबर आला ते मोजलं असतं. ३८ पैकी ३५-३६ जणांना जो प्रश्न आला तो या मुलांना वेगळं करण्यात जवळजवळ काहीच मदत करत नाही. असे सात-आठ प्रश्न तरी निघतील असा माझा अंदाज आहे. त्यातले दोन सुरुवातीला मुलांना धीर यावा म्हणून ठेवा, बाकीच्यांच्या जागी दोन पायऱ्यांची उदाहरणं घाला, वेगळ्या छेदांची वजाबाकी करून मिश्र संख्येत रूपांतर, अशासारखी. सुधारलेली चाचणी तिन्ही तुकड्यांना एकाच आठवड्यात द्या, उत्तरपत्रिका कपाटात कुलूपबंद ठेवा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घ्या. दोन्ही वेळा सकाळचा तास, दोन्ही वेळा तेवढीच मिनिटं, आणि झेरॉक्स वाटण्याआधी प्रत्येक प्रत उलटून पाहा.

तपासताना पहिल्या वेळचे गुण समोर ठेवू नका. "हा तर २२ वाला" हे डोक्यात असलं की हात सैल पडतो, आणि मग सहसंबंध मुलांचा न राहता तपासणाऱ्याच्या आठवणीचा होतो.

हे सगळं करायला वेळ नसेल, प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा असेल, तर ०.५८ लपवू नका. त्याच्या शेजारी मुलांची संख्या, तुकडी कशी पाडलेली आहे, अंतर किती दिवसांचं, मध्ये काय शिकवलं, दोन्ही सरासऱ्या, दोन्ही प्रमाण विचलनं आणि १.८ गुणांची त्रुटी लिहा. तोंडी परीक्षेत ०.५८ वर बोट ठेवलं गेलं तर चित्र काढून वरचा उजवा कोपरा दाखवा.